दादाबरोबर कोण येणार होते? १९४७ च्या एका पत्राचे वाचन आणि भाषांतर

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या मामाचे जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजी-आजोबांचा पत्रव्यवहार सापडला. आजीच्या हातची अकरा पत्रे होती आणि आजोबांची नऊ. लग्न १९४५ चे. आजोबा नोकरीसाठी ठाण्यात राहत. आजीचे माहेर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, अलिबागजवळच्या एका खेड्यात होते. माहेरच्या मुक्कामात दोघांनी एकमेकांना लिहिलेली ही पत्रे १९५० पर्यंतची आहेत. परदेशी राहणाऱ्या मामेबहिणीला ती आपल्या मुलांसाठी इंग्रजीत हवी होती. मराठी तिला उत्तम येते, त्यामुळे पहिले भाषांतर तिनेच स्कॅनवरून केले आणि तपासायला माझ्याकडे पाठवले. त्यातले एकच पत्र मी येथे घेते, कारण जुन्या पत्रांच्या वाचनात होणाऱ्या बहुतेक चुका त्या एका पानात एकत्र आल्या होत्या, आणि शेवटी सारा अर्थ एका टिंबावर येऊन ठेपला होता.

पत्र आजीचे आहे. पान एकच असून ते दोन्ही बाजूंनी लिहिलेले आहे. टाकाने लिहिलेली निळी-काळी शाई आता फिक्या तपकिरी रंगाची झाली आहे. पाकीट हरवले आहे, त्यामुळे टपालाचा शिक्का नाही. बऱ्याच खटपटीनंतर जो मजकूर ठरला, तो तिच्याच लेखनपद्धतीत असा आहे:

॥ श्री ॥
अधिक श्रावण शु. ९
चरणीं शि. सा. न. वि. वि.
इकडील सर्व क्षेम. इकडचें पत्र परवां पोंचलें. इकडे पाऊस फार आहे. धोंड्याच्या महिन्यांत इकडे बोलवावयाचें बाबांच्या मनांत होतें, पण रामदासाचें ऐकल्यापासून आईच्या व माझ्या जिवाला थारा नाहीं. इकडून बोटीनें येणें होऊं नये. खुष्कीनें पेणेवरून होत असेल तरच व्हावें. रात्रीं दिवा मालवल्यावर मी तीच बातमी मनांत वाचतें. आईचे पाय फार दुखतात, ठाण्यास चांगले डॉक्टर आहेत असें दादा म्हणतो. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे दादाबरोबर ठाण्यास येतें. इकडच्या जेवणाचे हाल होत असतील. [. . . .] प्रकृतीस जपणें व्हावें. कळावें, लोभ असावा हे विनंति.

बहिणीच्या पहिल्या भाषांतराचा सारांश असा होता: आमच्या गावाहून बोटीने कोणी येऊ नये, रामदास नावाच्या कोणा नातेवाइकाचे काही बरेवाईट झाल्यामुळे घरात काळजी आहे, आईचे पाय दुखतात म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीस ती दादाबरोबर ठाण्याच्या डॉक्टरांकडे येईल, येथे जेवणाचे हाल आहेत. शब्दाला शब्द लावून पाहिले तर यातले एकही वाक्य अशक्य नाही. तरीही पत्र ज्याच्यासाठी लिहिले होते, तो माणूस या सारांशातून पूर्णपणे नाहीसा झाला आहे.

पत्राचे साल आणि रामदास

पत्रावर मिती आहे, पण शक नाही. अशा वेळी अधिक महिना फार उपयोगी पडतो, कारण तोच अधिक महिना पुन्हा यायला बरीच वर्षे जातात. १९४५ ते १९५० या काळात अधिक श्रावण १९४७ सालीच, म्हणजे शके १८६९ मध्ये, आला होता. १९५० चा अधिक महिना आषाढ होता. त्या वर्षीचा अधिक श्रावण जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत होता, म्हणून शुद्ध नवमीचे हे पत्र जुलैच्या शेवटच्या आठवड्यातले ठरते. धोंड्याचा महिना हाच अधिक महिना, आणि त्यात जावयाला बोलावून अनारसे देण्याची रीत असल्यामुळे बाबांच्या मनात काय होते तेही उलगडते.

साल ठरल्यावर रामदासाचाही उलगडा झाला. रामदास हा माणूस नव्हे, बोट होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवस हे अलिबागकडे जाण्याचे बंदर, म्हणजे आजोबांची सासुरवाडीला जाण्याची नेहमीची वाट तीच. आजीने हे पत्र त्या अपघातानंतर दोन आठवड्यांच्या आत लिहिले आहे. बोटीचे नाव तिने कोणत्याही खुलाशाशिवाय टाकले, कारण त्या पावसाळ्यात कुलाब्यातल्या कोणत्याही घरात तो खुलासा करण्याची गरज नव्हती. विशेषनामाभोवती काहीच स्पष्टीकरण नसेल, तर ते घरच्या माणसाचे असण्याइतकीच ती सर्वांच्या तोंडी असलेली घटना असण्याची शक्यता असते, ही गोष्ट मी या पत्रापासून लक्षात ठेवली आहे. मी स्वतः प्रथम वाचताना कोणा रामदासबुवांचे निधन झाले असावे असे धरून चालले होते.

मितीतली दुसरी चूक नारळी पौर्णिमेची. बहिणीने इंटरनेटवरच्या तक्त्यात पत्रानंतरची पहिली पौर्णिमा पाहिली, ती ऑगस्टच्या अगदी सुरुवातीस होती, आणि तीच भाषांतरात घातली. पण ती अधिक श्रावणातली पौर्णिमा होती, आणि सण अधिक महिन्यात होत नाहीत. नारळी पौर्णिमा निज श्रावणात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस आली. ‘चार-पाच दिवसांत’ आणि ‘महिन्याभरानंतर, समुद्र शांत झाल्यावर’ एवढा फरक त्या एका तारखेत आहे.

इकडे म्हणजे कुठे?

‘इकडून बोटीनें येणें होऊं नये’ हे वाक्य मलाही अडले होते. लिहिणारी अलिबागला आहे, मग ‘इकडून’ म्हणजे अलिबागहून असेच कोणीही वाचील. वाशीला आजीची धाकटी जाऊ राहते, तिला आम्ही काकूआजी म्हणतो. नव्वदी ओलांडलेल्या काकूआजीला मी हे वाक्य वाचून दाखवले तेव्हा ती लगेच म्हणाली, “अगं, इकडे म्हणजे गाव नव्हे, नवरा. नाव कसं घेणार? तुम्ही म्हणायचीसुद्धा लाज वाटायची. इकडून येणं झालं, इकडून जेवणं झालं, असंच बोलायचं.”

नवऱ्याचे नाव न घेण्याच्या रीतीमुळे त्याच्यासाठी ‘इकडे’, ‘इकडून’, ‘स्वारी’ असे शब्द वापरले जात, आणि त्याच्याबरोबर क्रियापदही कर्त्याशिवाय येई: ‘येणें व्हावें’, ‘जपणें व्हावें’. एवढे कळले तरी प्रश्न संपत नाही, कारण याच पत्रात ‘इकडे’चा साधा स्थळवाचक अर्थही आहे. या पानावर हा शब्द वेगवेगळ्या रूपांत सहा वेळा येतो, आणि प्रत्येक जागा स्वतंत्रपणे तपासावी लागली. ‘इकडील सर्व क्षेम’ हे पत्राच्या सुरुवातीचे ठरीव वाक्य आहे, तेथे माहेरचे घर अभिप्रेत आहे. ‘इकडे पाऊस फार आहे’ येथेही गावच. परंतु ‘इकडचें पत्र परवां पोंचलें’ म्हणजे तुमचे पत्र, कारण आपल्याच घरचे पत्र आपल्याला पोचत नाही. ‘इकडून येणें होऊं नये’ येथे येणे-जाण्याच्या क्रियेपुढे ‘होणे’ आले आहे, आणि ही रचना पतीसाठीची आहे. ‘इकडच्या जेवणाचे हाल होत असतील’ याचा निर्णय ‘असतील’ने होतो, स्वतःच्या घरच्या जेवणाबद्दल कोणी तर्क करीत नाही, त्याविषयी ‘होत आहेत’ असे लिहिले जाते. तर्क दूरच्या माणसाबद्दल असतो. म्हणजे येथे ठाण्यात एकटे राहून जेवणाची गैरसोय सोसणारे आजोबा आहेत.

सहावी जागा, ‘इकडे बोलवावयाचें’, मी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. ‘येथे बोलवायचे’ आणि ‘आपणांस बोलवायचे’ हे दोन्ही अर्थ तेथे नीट बसतात, आणि लिहिताना तिच्या मनात ते वेगळे होते असे मानायला आधार नाही. इंग्रजीत दोन्ही शब्द घालून ‘तुम्हांला येथे बोलवायचे’ असे करता येते, आणि आम्ही तसेच केले, पण टिपेत ही जागा संदिग्ध असल्याचे नोंदवले. बहिणीला ही टीप अनावश्यक वाटली. मला ती हवी होती, कारण पुढे कोणी मूळ पत्राशी भाषांतर ताडून पाहिले, तर एका शब्दाचे दोन शब्द कुठून आले हे त्याला कळले पाहिजे.

येते की येतें

आता या पत्रातली मुख्य अडचण. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे आहेत. त्यांनी उच्चारात न उरलेले, केवळ व्युत्पत्तीमुळे लिहिले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पत्रांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मनांत’, ‘पोंचलें’ असे अनुस्वार सर्वत्र दिसतात. आजच्या वाचकाला ती जुन्या वळणाची सजावट वाटते आणि नजर त्यांवरून सरकते. पण त्यांतले काही अनुस्वार व्याकरणाचे काम करीत होते. जुन्या लेखनात पुरुष ‘मी येतों’ असे लिही, आणि ‘तो येतो’ बिंदूशिवाय असे. स्त्री ‘मी येतें’ असे लिही, आणि ‘ती येते’ बिंदूशिवाय असे. मराठी वाक्यात ‘मी’ आणि ‘ती’ सहज गाळले जातात, म्हणून कधी कधी येणारी व्यक्ती कोण हे सांगणारी खूण पानावर तो बिंदू एवढीच उरते.

‘नारळी पौर्णिमा झाली म्हणजे दादाबरोबर ठाण्यास येतें’ हे वाक्य नेमके तसे आहे. कर्ता लिहिलेला नाही. मागच्याच वाक्यात आईचे पाय आणि ठाण्याचे डॉक्टर आहेत. बिंदू नसेल तर आई येते. बिंदू असेल तर आजी माहेरचा मुक्काम आटोपता घेऊन स्वतः येते, आणि ज्याने बोटीत पाऊल टाकू नये असे तिला वाटते त्याला बोलावण्याऐवजी आपणच त्याच्याकडे निघते. बहिणीकडे असलेल्या स्कॅनमध्ये त्या जागी काहीच दिसत नव्हते, म्हणून तिचे ‘आई येईल’ हे वाचन त्या स्कॅनपुरते बरोबर होते.

पहिली दुरुस्ती स्कॅनची केली. तो कृष्णधवल होता, आणि अशा स्कॅनमध्ये फिकी तपकिरी शाई कागदाच्या रंगात मिसळून जाते. मी पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केले आणि GIMP मध्ये `Colors > Components > Decompose` मधून RGB निवडून लाल, हिरवा आणि निळा असे तीन करडे थर वेगळे केले. तपकिरी शाई निळा प्रकाश जास्त शोषते, म्हणून निळ्या थरात अक्षरे सर्वांत गडद आली. लाल थरात ती जवळजवळ नाहीशी झाली. ‘येत’वरची मात्रा निळ्या थरात स्पष्ट झाली आणि तिच्या उजवीकडे एक ठिपकाही दिसला.

त्या ठिपक्यावर मात्र लगेच विश्वास ठेवता येत नव्हता. जुन्या कागदावरचे तपकिरी डागही निळ्या थरात गडद होतात, आणि टिंबाएवढा डाग आणि टिंब यांत हा थर भेद करीत नाही. त्याच पानावर बिंदूसारखे दिसणारे, पण बिंदू नसलेले ठिपके मला आणखी तीन प्रकारचे आढळले. कसरीने पाडलेली बारीक छिद्रे मागून उजेड धरला की उजळतात, म्हणून ती ओळखता येतात. माशीचे डाग शाईसारखे तपकिरी न होता काळेच राहतात आणि भिंगातून पाहिले तर कागदाच्या वर उठलेले दिसतात. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: पान दोन्ही बाजूंनी लिहिलेले असल्यामुळे पाठीमागच्या अक्षराची जाड शाई पुढे फुटते. त्यासाठी मी पाठच्या बाजूचा स्कॅन आरशासारखा उलटा करून पुढच्या स्कॅनवर अर्धपारदर्शक ठेवला. आपल्या ठिपक्यामागे कोरी जागा होती, म्हणून ही शंका गेली, आणि छिद्राची व माशीच्या डागाचीही गेली. कागदावरच्या डागाची शंका तेवढी उरली.

ती कागदावर पडलेल्या दाबाने फिटली. टाकाचे टोक कागदावर दाबून उचलले की शाईबरोबर एक सूक्ष्म खळगाही पडतो, आणि शाई उडाली तरी तो राहतो. आपोआप पडलेल्या डागाला खळगा नसतो. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडला आणि पान चारही दिशांनी फिरवले. खळग्याची सावली उजेडाच्या बाजूच्या कडेला पडते, म्हणून उजेड फिरला की सावलीही फिरली पाहिजे. ‘येतें’च्या मात्रेजवळची सावली चारही वेळा फिरली. शेजारचा एक गडद डाग तसाच सपाट राहिला. हे काम मूळ कागदावरच होते, स्कॅनवर नव्हे. मामा पत्रे लॅमिनेट करून घ्यायच्या विचारात होता, आणि तसे झाले असते तर हा पुरावा उष्णतेत आणि प्लास्टिकखाली कायमचा दबला असता. त्याला खळगा दाखवल्यावर त्याने तो विचार स्वतःच सोडला.

तरीही टिंब आहे एवढ्याने ते व्याकरणाचे आहे असे ठरत नाही. त्या काळातले सगळेच लोक अनुस्वार नियमाने देत नसत. काही जण सवयीने कुठेही देत, काही जण गाळत. म्हणून त्या हाताची सवय पाहावी लागते. आजीच्या अकराही पत्रांत तिने स्वतःबद्दल वापरलेली ‘येतें’, ‘वाचतें’, ‘निजतें’ अशी रूपे मी काढली. ती सेहेचाळीस भरली. त्यांतल्या एकेचाळीस ठिकाणी बिंदू आहे, दोन ठिकाणी नाही आणि तीन जागा वाचता येत नाहीत. उलट आई, बहीण, शेजारीण यांच्याबद्दलच्या रूपांत एकदाही बिंदू नाही. ‘नाहीं’वरचा बिंदू ती पुष्कळदा विसरते, पण स्वतःबद्दलच्या क्रियापदावरचा सहसा विसरत नाही. याच पत्रात ‘मी तीच बातमी मनांत वाचतें’ येथे ‘मी’ लिहिलेला आहे आणि बिंदू ठळक आहे. तेव्हा तिच्या हातून ‘आई येतें’ असे लिहिले जाण्याची शक्यता फार थोडी आहे.

शेवटचा पुरावा आजोबांच्या उत्तरात मिळाला. ते उत्तर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले आहे. ही पेन्सिल पाण्याचा थेंब लागला की फुटते आणि सगळी ओळ रंगते, त्यामुळे त्या कागदाजवळ ओला बोळासुद्धा नेऊ नये. जांभळ्या रंगासाठी हिरवा थर उपयोगी पडला. सुरुवात ‘सौ. . . . हीस अनेक आशीर्वाद’ अशी आहे आणि पुढे लिहिले आहे: ‘तूं दादाबरोबर यावयाचें लिहिलेंस तें वाचलें. माझ्याकरितां माहेर आठ दिवसही कमी करूं नयेस. मी खुष्कीनें पेणेवरून येतों.’ ‘तूं . . . लिहिलेंस’ असल्यामुळे येणारी ती होती, यात शंका उरली नाही. आणि त्यांच्या ‘येतों’वर बिंदू आहे.

उत्तर आधीच का पाहिले नाही, असे बहिणीने विचारले. उत्तर ट्रंकेत होते, पण मितीशिवाय होते, आणि ते कोणत्या पत्राचे उत्तर आहे हे आजीचे वाक्य बरोबर वाचल्यावरच कळले. ‘आई येते’ असे धरले असते तर या दोन पत्रांची जोडी जुळलीच नसती.

इंग्रजीत काय न्यावे

वाचन ठरल्यावर भाषांतराचा प्रश्न उभा राहिला, आणि येथे आमचे मतभेद झाले. बहिणीने मायना शब्दशः केला होता. ‘शि. सा. न. वि. वि.’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. त्याचे तिने डोके जमिनीला टेकवून आठ अंगांनी घातलेला दंडवत असे सविस्तर इंग्रजी केले. आजोबांचे ‘अनेक आशीर्वाद’ तिने तसेच ठेवले, आणि तिच्या मुलाने विचारले की हे पत्र वडिलांनी मुलीला लिहिले आहे का. ‘लोभ असावा’मधल्या ‘लोभा’ला शब्दकोशातला पहिला अर्थ लागला होता, हाव. त्या काळच्या पत्रातला लोभ म्हणजे माया.

माझे म्हणणे असे होते की ठरीव शब्द हलके करावेत आणि स्वतःचे शब्द पूर्ण वजनाने न्यावेत. ठरीव कोणते हे ओळखायला कोणत्याही पुस्तकाची गरज पडली नाही. अकरा पत्रे शेजारी मांडली की पुरे. ‘शि. सा. न. वि. वि.’ आणि ‘कळावें, लोभ असावा हे विनंति’ अकराही पत्रांत अक्षरशः तेच आहे, म्हणून त्यांचे इंग्रजी साधा नमस्कार आणि साधा निरोप एवढेच केले, आणि पुस्तिकेच्या आरंभी एकदा त्यांचा पूर्ण अर्थ दिला. ‘प्रकृतीस जपणें व्हावें’ मात्र दोनच पत्रांत आहे, आणि त्यांतले दुसरे आजोबांच्या तापाच्या वेळचे आहे. ‘जिवाला थारा नाहीं’ एकदाच येते. ज्या जागी तिने ठरलेली वाट सोडली, त्या जागी भाषांतरकाराने थांबायला हवे.

सर्वांत जास्त वेळ ‘इकडून बोटीनें येणें होऊं नये’ या वाक्याला लागला. इंग्रजीला कर्ता हवा असतो. ‘तुम्ही बोटीने येऊ नका’ असे केले की अर्थ पोचतो, पण बाई एकदम थेट बोलू लागते, आणि तसे ती त्या पाच वर्षांत एकदाही बोललेली नाही. उलट कर्त्याशिवाय केले तर वाक्य बंदरावर लावलेल्या सूचनेसारखे वाचले जाते, आणि त्यातली काळजी विरते. ‘येतें’चेही तसेच आहे: तिने ‘मी’ लिहिला नाही, पण इंग्रजीत तो लिहावाच लागतो. शेवटी आम्ही ‘तुम्ही’ आणि ‘मी’ दोन्ही घातले, कारण बहिणीच्या मुलांना धोका कोणाला होता आणि निघणार कोण होती हे पहिल्याच वाचनात कळायला हवे. मूळ वाक्यात ही सर्वनामे नाहीत, एवढी टीप पानाखाली ठेवली. मला हा तोटा अजून बोचतो. पण इंग्रजीत त्याहून चांगला मार्ग आम्हांला सापडला नाही.

प्रत तीन थरांची केली. डाव्या पानावर मूळ मजकूर जुन्या लेखनपद्धतीत जसाच्या तसा आहे, त्याखाली आजच्या मराठीत, आणि उजव्या पानावर इंग्रजीत. ‘हे विनंति’ सुधारून ‘ही विनंती’ करण्याचा मोह मूळ प्रतीत टाळला. ‘येतें’वरचा बिंदू चौकटी कंसात घातला आहे, म्हणजे तो शाईने दिसत नाही, दाबावरून आणि तुलनेवरून वाचला आहे, हे कळेल.

‘इकडच्या जेवणाचे हाल होत असतील’ यानंतर घडीवर कागद झिजून चार अक्षरे गेली आहेत. निळ्या थरात तेथे काही नाही, आडव्या उजेडात घडीचीच सावली पडते, आणि आजोबांचे उत्तर त्याबद्दल काही सांगत नाही. पुढे प्रकृतीस जपण्याचे आहे, त्यामुळे तेथे ‘म्हणून’ असावे असे बहिणीचे मत पडले, आणि अर्थाला ते चालते. पण ‘म्हणून’ तीन अक्षरांचे आहे आणि आजीची अक्षरे मोठी नाहीत. त्या जागेत ते सैल बसते. तेथे कंसात चार टिंबे ठेवली आहेत.